इंग्रजीला भविष्यकाळच नाही, असं का म्हणतात?

नाशिकमध्ये कॉलेज रोडला किंवा सिडकोत, स्पोकन इंग्लिशच्या कुठल्याही क्लासमध्ये डोकावा. भिंतीवर एक तक्ता हमखास दिसतो. तीन ओळी, चार रकाने, बारा चौकटी. वर मोठ्या अक्षरांत 'ट्वेल्व्ह टेन्सेस' आणि तिसऱ्या ओळीतल्या चारही चौकटींत 'विल'. पोरं तो तक्ता पाढ्यांसारखा पाठ करतात. आणि मग कधीतरी मोबाइलवर एखादा व्हिडिओ येतो, त्यात कोणी भाषेचा अभ्यासक शांतपणे सांगतो की इंग्रजीला फ्यूचर टेन्स नाहीच. पालक चक्रावतात. टेन्स बाराच्या बारा असतील म्हणून तर फी भरली होती!

हा चक्रमपणा नाही आणि नवं खूळही नाही. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी शंभर वर्षांपूर्वीच हा मुद्दा मांडला होता. हडलस्टन आणि पुलम यांचं इंग्रजीचं जाडजूड व्याकरण केंब्रिजने २००२ साली छापलं, त्यातही भविष्यकाळाला जागा दिलेली नाही. ही मंडळी नेमकं काय नाकारतात आणि काय नाकारत नाहीत, हे कळायला आधी दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. शाळेने आपल्याला त्या एकत्र बांधून दिल्या आहेत.

## वेळ जगातली, काळ क्रियापदातला

घडून गेलेलं, घडत असलेलं आणि घडायचं असलेलं, ही विभागणी जगातली आहे. ती कुठल्याही भाषेच्या आधीपासून आहे. तिला आपण या लेखापुरतं 'वेळ' म्हणू. ती वेळ दाखवण्यासाठी क्रियापद स्वतःचं रूप बदलतं तेव्हा त्या रूपव्यवस्थेला व्याकरणात 'काळ' म्हणतात, इंग्रजीत टेन्स.

दोन्ही जुळतीलच असं नाही. 'उद्या एकादशी आहे' या वाक्यातली वेळ उद्याची, पण 'आहे' हे रूप वर्तमानकाळाचं. यात कुणाला काही खटकत नाही, कारण उद्याचं काम 'उद्या' या शब्दाने केलेलं असतं. म्हणजे एखाद्या भाषेला भविष्यकाळ नाही म्हटलं, तर ती बोलणाऱ्यांना उद्याबद्दल बोलता येत नाही असा अर्थ होत नाही. फिनिश भाषेत क्रियापदाला भविष्याचं वेगळं रूप नाही, जपानीतही नाही. तरी हेलसिंकीत आणि टोकियोत पुढच्या महिन्याची तिकिटं काढली जातातच.

## पाणी चढलं, चढत होतं, चढलं होतं

आता दुसरी गोष्ट. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला की नाशिककर किती क्यूसेक सोडलं ते विचारत नाहीत, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते विचारतात. गोदाघाटावरची ती मूर्तीच आपली मोजपट्टी. समजा काल दुपारच्या पुराबद्दल तीन जणांनी तीन वाक्यं सांगितली:

काल दुपारी पाणी मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं.
काल दुपारी पाणी कमरेपर्यंत चढत होतं.
काल दुपारी पाणी कमरेपर्यंत चढलं होतं.

तिन्ही वाक्यं कालचीच, तिन्ही भूतकाळातलीच. काळाच्या हिशेबाने त्यांत काही फरक नाही. तरी तिन्ही ऐकून घाटावरचा दुकानदार वेगवेगळं वागेल. 'चढलं' म्हणजे चढण्याची घटना सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकसंध सांगितली. 'चढत होतं' म्हणजे आपण घटनेच्या मधोमध उभे आहोत, शेवट दिसत नाही. 'चढलं होतं' म्हणजे चढणं आधीच आटोपलंय आणि दुपारी पाहिला तो त्याचा परिणाम.

फरक खरा आहे की नुसता भाषेचा साज, हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक वाक्यापुढे 'पण गुडघ्याशीच थांबलं' एवढं जोडून पाहा. 'कमरेपर्यंत चढत होतं, पण गुडघ्याशीच थांबलं' हे चालतं. 'कमरेपर्यंत चढलं, पण गुडघ्याशीच थांबलं' म्हटलं तर ऐकणारा विचारेल, अहो, चढलं की नाही चढलं? 'चढत होतं' हे रूप घटना पुरी झाल्याची हमी देत नाही, 'चढलं' देतं.

घटनेकडे बाहेरून अखंड पाहायचं, आत शिरून पाहायचं, की संपल्यावर मागे वळून पाहायचं, हे सांगणाऱ्या व्यवस्थेला इंग्रजीत अ‍ॅस्पेक्ट म्हणतात. आपण तिला क्रियेची 'अवस्था' म्हणू. पुराचा फोटो डोळ्यांपुढे आणा. कोपऱ्यात छापलेली तारीख म्हणजे काळ. तो होळकर पुलावरून सगळं पात्र एका चौकटीत घेऊन काढलाय, की पायरीवर उभं राहून चढत्या पाण्याचा, की ओसरल्यावर राहिलेल्या चिखलाचा, ही झाली अवस्था. तारीख तीच ठेवून जागा बदलता येते आणि जागा तीच ठेवून तारीख बदलता येते.

## तक्त्यातल्या ओळी आणि रकाने

आता क्लासमधला तक्ता पुन्हा पाहा. तीन ओळी काळाच्या आहेत आणि चार रकाने बहुतांशी अवस्थेचे. सिंपल, कंटिन्युअस, परफेक्ट, परफेक्ट कंटिन्युअस हे काळाचे प्रकार नव्हेतच. आपल्या मराठी व्याकरणाच्या पुस्तकातही हेच झालंय. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे प्रत्येक काळाचे चार उपप्रकार आपण शिकलो. 'अपूर्ण' म्हणजे क्रिया चालू आहे, 'पूर्ण' म्हणजे आटोपली आहे, 'रीति' म्हणजे ती सवयीने पुन्हा पुन्हा होते. यातला एकही शब्द केव्हा हे सांगत नाही, सगळे कसं ते सांगतात. म्हणजे अवस्था आपण शाळेतच शिकलो, फक्त तिला काळाच्या नावाखाली दाखल केलं होतं.

परफेक्टला अवस्था म्हणायचं की दुय्यम काळ, यावर अभ्यासकांत वाद आहे. हडलस्टन आणि पुलम त्याला दुय्यम काळ मानतात. आपल्या प्रश्नाला त्याने फरक पडत नाही, म्हणून पुढे जाऊ.

## 'आलोच!' म्हणणारा अजून घरीच असतो

अवस्था ही काही पुस्तकी गोष्ट नाही याचा पुरावा रोज फोनवर मिळतो. मित्र द्वारका चौकात ताटकळलाय आणि तुम्ही घरी बुटाची नाडी बांधताबांधता सांगता, 'आलोच!' क्रिया घडलेलीच नाही आणि रूप मात्र 'आलो'. आभाळ भरून आलं की आई ओरडते, 'पाऊस आला, कपडे काढ!' थेंबही पडलेला नसतो. 'उद्या पाऊस पडला तर मी येणार नाही' यात तर 'उद्या' आणि 'पडला' शेजारी शेजारी बसतात आणि कुणाला काही वाटत नाही.

'ला'चं रूप निव्वळ भूतकाळाचं असतं तर ही वाक्यं चुकीची ठरली असती. ती बरोबर आहेत, कारण या रूपात 'घटना पुरी झाली असं धरून चाल' हा अवस्थेचा अर्थही मुरलेला आहे. बहुतेक वेळा पुरी झालेली घटना मागचीच असते, म्हणून भूतकाळ हा अर्थ वर येतो. 'आलोच'मध्ये येण्याची पूर्णता आधीच कबूल करून टाकली, एवढंच.

## मग इंग्रजीची तिसरी ओळ कुठे गेली?

इंग्रजी क्रियापदाला हातात घेऊन पाहू. 'वॉक' घ्या. 'वॉक' आणि 'वॉक्स' ही वर्तमानाची रूपं. 'वॉक्ड' हे भूताचं. आता भविष्याचं? क्रियापद स्वतः काही बदलत नाही, पुढे 'विल' येऊन उभं राहतं. म्हणून हे अभ्यासक म्हणतात की इंग्रजीत काळ दोनच, भूत आणि भूतेतर.

इथे कुणी म्हणेल, शब्द वेगळा असला म्हणून काय झालं? दोन शब्द मिळून एक काळ होऊ शकतो. बरोबर आहे. नुसतं वेगळं असणं हा कच्चा मुद्दा झाला. पक्का मुद्दा हा की 'विल' कोणाच्या पंगतीत बसतं. 'कॅन', 'मे', 'मस्ट' हे शब्द घ्या. 'ही' किंवा 'शी' पुढे आलं तरी त्यांना 'स' लागत नाही. त्यांच्या आधी 'टू' येत नाही. त्यांच्यानंतर क्रियापद मूळ रूपात येतं. नकार थेट त्यांनाच चिकटतो. 'विल' या सगळ्या कसोट्यांवर हुबेहूब त्यांच्यासारखं वागतं. या गटाला मोडल म्हणतात. शक्यता, सक्ती, परवानगी, इच्छा, अंदाज ही त्यांची खाती. मराठी व्याकरणात आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांचं जे काम, तशाच जातीचं हे काम. म्हणजे काळ वेगळा, अवस्था वेगळी आणि 'विल' या दोन्हींत नसून या तिसऱ्या कुटुंबात.

याहून भक्कम पुरावे दोन. पहिला असा की काळ हा सगळ्या क्रियापदांना लागायला हवा. 'कॅन'चा भूतकाळ 'कुड' होतो. पण 'कॅन'चं भविष्य करायला 'विल कॅन' म्हणता येत नाही, 'विल बी एबल टू' असा वळसा घ्यावा लागतो. का? कारण मोडलच्या जागेवर एका वेळी एकच बसू शकतो आणि ती जागा दोघांनाही हवी आहे.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो. 'आय थिंक ही विल कम' हे वाक्य कालच्या विचारावर न्या. 'आय थॉट ही वुड कम' होतं. 'कॅन'चं 'कुड' होतं तसंच 'विल'चं 'वुड' झालं. म्हणजे 'विल'ला स्वतःचाच भूतकाळ आहे आणि 'विल' हे वर्तमानकाळाचं रूप आहे. जे स्वतः वर्तमानात उभं आहे, त्याला भविष्यकाळाचं चिन्ह कसं म्हणायचं?

## अर्थाकडून पाहिलं तरी

'विल' आलं म्हणजे भविष्य आलं, असंही नाही. 'ही विल बी होम बाय नाऊ' म्हणजे तो एव्हाना घरी पोचला असेल. हा आत्ताचा अंदाज आहे. 'द कार वोन्ट स्टार्ट' म्हणजे गाडी चालूच होत नाहीये, जणू हट्टाला पेटलीय. हेही आत्ताचंच.

उलट भविष्य आहे आणि 'विल' नाही, अशीही वाक्यं ढिगाने सापडतात. 'द ट्रेन लीव्हज अ‍ॅट सेव्हन टुमॉरो.' 'आय अ‍ॅम मीटिंग हिम ऑन मंडे.' 'इट इज गोइंग टू रेन.' शिवाय 'इफ इट रेन्स टुमॉरो' मध्ये वेळ स्वच्छ उद्याची असूनही 'विल' घालायचं नाही, असा नियम सर पहिल्याच महिन्यात सांगतात.

## मग मराठीलाही भविष्यकाळ नाही म्हणा!

हा आक्षेप रास्त आहे. आपणही 'तो आता ओझरला पोचला असेल' म्हणतोच की. 'असेल' हे भविष्याचं रूप आणि अंदाज मात्र आत्ताचा. मग आपला भविष्यकाळ कसा टिकतो?

अर्थावर नाही, रूपावर टिकतो. जाईन, जाशील, जाईल, जातील पाहा. क्रियापद स्वतः वाकलं, पुरुषाप्रमाणे आणि वचनाप्रमाणे बदललं. 'जातो' आणि 'गेला' ज्या जागी बसतात त्याच जागी 'जाईल' बसतं. इंग्रजीत मोडलची जागा वेगळी आहे, मराठीत 'जाईल' काळाच्याच जागेवर आहे. त्याला अंदाजाची छटा आहे हे खरं, पण भविष्यकाळाला अशी छटा पुष्कळ भाषांत असते. जे घडलंच नाही त्याबद्दल बोलणं म्हणजे थोडाफार अंदाज आलाच.

आपल्याकडचं दुसरं रूप जास्त मजेदार आहे. 'धरणातून पाणी सोडणार आहेत.' हे भविष्य वाटतं. पण 'काल पाणी सोडणार होते, सोडलं नाही' हेही आपण म्हणतो. 'णार' भूतकाळातही तितकंच सुखाने राहतं. म्हणजे वेळेचं काम 'आहे' आणि 'होते' करतात आणि 'णार' फक्त एवढंच सांगतं की क्रिया उंबरठ्यावर आहे. ही अवस्था झाली, काळ नव्हे. 'सोडतील होते' मात्र म्हणून पाहा, जीभ अडखळते. तिथे काळाची जागा आधीच भरलेली आहे.

मोरो केशव दामले यांनी १९११ साली 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहिलं तेव्हा रूपांना ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी प्रत्ययावरून नावं वापरली. ऐकायला रुक्ष, पण त्यात एक शहाणपण आहे. रूपाला प्रत्ययाचं नाव दिलं की ते रूप कुठकुठल्या अर्थाने येतं ते मोकळेपणाने पाहता येतं. 'भूतकाळ' असं नाव आधीच चिकटवलं की 'आलोच' अपवाद वाटायला लागतो.

## दुसऱ्या बाजूचं म्हणणं

सगळे अभ्यासक 'नाही'च्या बाजूचे आहेत असं मात्र समजू नका. काळ आणि अवस्था या दोन्ही विषयांवर स्वतंत्र पुस्तकं लिहिणारे बर्नार्ड कॉमरी यांनी १९८५ साली उलट बाजू मांडली. त्यांचा मुद्दा असा. 'इट मे रेन टुमॉरो' म्हटलं आणि पाऊस पडला नाही, तरी बोलणारा खोटा ठरत नाही, कारण त्याने फक्त शक्यता सांगितली होती. 'इट विल रेन टुमॉरो' म्हटलं आणि पडला नाही, तर तो चुकला. म्हणजे 'विल' हे 'मे'सारखं शक्यतेत घुटमळत नाही, पुढच्या वेळेबद्दल ठाम विधान करतं. आणि तेच तर भविष्यकाळाचं काम.

शिवाय 'विल'शिवायची भविष्याची वाक्यं सगळीकडे चालत नाहीत. 'द ट्रेन लीव्हज टुमॉरो' चालतं, कारण वेळापत्रक ठरलेलं आहे. 'इट रेन्स टुमॉरो' असं सुटं वाक्य इंग्रज माणूस म्हणत नाही, पावसाचं वेळापत्रक नसतं. मुद्दा वजनदार आहे. माझं मत विचाराल तर रूपाचा पुरावा, त्यातही 'विल'चं 'वुड' होणं, मला जास्त पटतं. पण 'मुख्य अर्थ भविष्याचा आहे, म्हणून त्याला भविष्यकाळ म्हणू' असं कुणी म्हटलं तर तो अडाणी ठरत नाही. वाद इंग्रजी कशी चालते यावर फारसा नाही. काळ म्हणायला रूप हवं की अर्थ पुरे, यावर तो आहे.

तीन ओळींचा तक्ता आला कुठून, तर लॅटिनमधून. लॅटिनमध्ये भविष्याचं खरंखुरं प्रत्ययरूप होतं आणि जुन्या इंग्रजी व्याकरणकारांनी तोच साचा वापरला. 'विल' मुळात 'इच्छा असणे' या अर्थाचं साधं क्रियापद होतं आणि 'शॅल' म्हणजे 'देणं लागणे'. जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, त्यात 'मी'साठी 'शॅल' आणि बाकीच्यांसाठी 'विल' असा नियम घातला. तो पुढे शाळांतून शतकानुशतकं घोकला गेला. सहायक शब्दाचा प्रत्यय होणं अशक्य नाही. फ्रेंचचं आजचं भविष्यरूप हे मूळ क्रियापदाला 'असणे, बाळगणे' अर्थाचा शब्द चिकटून झालेलं आहे. इंग्रजीत बोलताना 'आय विल'चं 'आइल' होतंच आहे.

या वादाचे पडसाद अर्थशास्त्रातही उमटले. कीथ चेन यांनी २०१३ साली एक निबंध छापला की ज्या भाषांत भविष्य वेगळं दाखवावं लागत नाही, ती बोलणारे जास्त बचत करतात. बातमी जगभर गाजली. गंमत अशी की त्या वर्गीकरणात इंग्रजी 'भविष्य ठळक दाखवणाऱ्या' गटात आहे, कारण चेन यांनी टेन्स आहे का हे विचारलंच नाही. हवामानासारखा अंदाज सांगताना काहीतरी खूण करणं सक्तीचं आहे का, एवढंच पाहिलं. पुढे २०१५ साली भाषाशास्त्रज्ञांबरोबर त्यांनीच पुन्हा तपासणी केली, भाषांमधली नाती हिशेबात धरली आणि तो संबंध बराच कमजोर झाला.

## आपण इंग्रजी बोलताना कुठे अडतो

परीक्षेत बाराच टेन्स लिहा, मार्क तिथेच आहेत. पण एक चूक आपण मराठी माणसं हटकून करतो आणि ती तक्त्याने सुटत नाही. 'तो येईल तेव्हा मी सांगीन' याचं आपण 'व्हेन ही विल कम, आय विल टेल हिम' करतो. मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे, म्हणून इंग्रजीत दोन्हीकडे 'विल' घातलं. 'विल' हे भविष्यकाळाचं चिन्ह मानलं तर ही चूक वाटायलाच नको.

ते मोडल आहे असं धरून वाक्य पुन्हा पाहा. दुसऱ्या अर्ध्यात मी ठाम सांगतोय की मी सांगीन, तिथे 'विल' हवं. पहिल्या अर्ध्यात तो येईल असं मी काही ठासून सांगत नाहीये. त्याचं येणं मी गृहीत धरलंय आणि त्यावर माझं सांगणं टांगलंय. अंदाज नाही, हमी नाही, म्हणून 'विल'ला तिथे काम नाही. 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम.' आपल्याच 'तो आला की सांगतो' या वाक्यातही भविष्याचं रूप कुठेच नाही, हे सहज लक्षात येईल.

आणि 'इफ'नंतर 'विल' कधीच नाही, हा नियमही पुरता खरा नाही. बँकेत काउंटरवरचा माणूस 'इफ यू विल वेट अ मिनिट, आय विल कॉल द मॅनेजर' म्हणाला तर त्याचं इंग्रजी चोख आहे. तिथलं पहिलं 'विल' पुढच्या मिनिटाबद्दल काही सांगत नाही. तुमची थांबायची तयारी आहे का, एवढंच ते विचारतं. तो त्याचा जुना 'इच्छा असणे' हा अर्थ.